‘पानी’ म्हटलं तर कोणाचं काय बिघडलं?

समजा, घाटंजीचा एक पोरगा पुण्यात शिकायला गेला. होस्टेलवर पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, “पानी कुठी भेटते?” सगळ्यांना बरोबर समजलं, कोणीतरी बोट दाखवून कूलरही दाखवला. पण मागून खसकन हसू फुटलंच. त्या दिवसापासून हा पोरगा वर्गात हात वर करताना दोनदा विचार करतो. उत्तर येतं, पण ‘ण’ येत नाही म्हणून गप्प बसतो. नुकसान कशाचं झालं, ते इथंच दिसतं.

मुद्दा असा, की ऐकणाऱ्याला समजलं होतं. तरी तो हसला काहून?

याचं एक उत्तर 1960 सालच्या एका प्रयोगात आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या माणसांकडून एकच उतारा इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये वाचून घेतला. ऐकणाऱ्यांना वाटलं, ही वेगवेगळी माणसं आहेत. त्यांनी इंग्रजी आवाजाला जास्त हुशार ठरवलं, आणि माणूस तर तोच होता! गंमत म्हणजे, फ्रेंच बोलणाऱ्या श्रोत्यांनीही आपल्याच भाषेतल्या आवाजाला कमी लेखलं. म्हणजे आपण आवाज जोखत नसतो. त्या आवाजामागच्या लोकांकडे पैसा, नोकऱ्या, मान किती आहे, ते जोखत असतो. आणि हे आपणही शिकतो. आपला मुलूख ओलांडला की ‘मले’चं ‘मला’ आपोआप होते ना, ते यामुळेच.

दुसरं उत्तर जरा वेगळं आहे. अनोळखी उच्चार ऐकताना मेंदूला थोडी जास्त मेहनत पडते. शिकागोच्या शिरी लेव्ह-आरी आणि बोअझ कीझर यांनी 2010 मध्ये दाखवलं, की साधी माहितीची वाक्यं परकी ढब असलेल्या माणसानं वाचली तर लोकांना ती कमी खरी वाटतात. वाक्यं दुसऱ्यानं लिहून दिलीत, हा फक्त वाचतोय, हे सांगूनही फरक पडला नाही. ऐकायला जड गेलं, त्याचं खापर बोलणाऱ्याच्या खरेपणावर फुटलं.

मग उच्चार बदलायचे का? इथं दोन गोष्टी वेगळ्या करायला पाहिजेत: ढब कळणं आणि बोलणं न कळणं. ट्रेसी डर्विंग आणि मरे मन्रो यांनी 1995 पासून हाच फरक मांडला. ढब ठसठशीत असूनही माणसाचा शब्द न् शब्द समजू शकतो.

आपल्या वऱ्हाडीवर हे लावून पाहा. ‘पानी’, ‘जेवन’, ‘आन’ यांनी कोणाचाच गैरसमज होत नाही. त्यावर महिने घालवणं फुकट आहे. पण “मी पुण्याले जाऊन राहिलो” हे वाक्य घ्या. आपल्यासाठी त्याचा अर्थ ‘मी पुण्याला जातोय’. पुणेकराला ऐकू येतं, ‘हा पुण्याला जाऊन मुक्काम करून आला’. ‘काळा’चं ‘काया’ झालं, तर नवख्याला शरीर आठवू शकतं. मित्राला प्रेमानं म्हटलेलं ‘बे’ तिथं शिवी वाटू शकते. अशा चार-पाच जागा ओळखून मुलाखतीत तेवढ्या सांभाळायच्या. कॉल सेंटरवाले ज्याला ‘एमटीआय काढणं’ म्हणतात, म्हणजे मातृभाषेची छाप पुसणं, त्यापेक्षा हे सोपं आणि उपयोगाचं आहे. मोठेपणी छाप पूर्ण जाणं फार कमी जणांना जमतं. सावकाश बोलणं आणि शब्दाचा शेवट न गिळणं मात्र सगळ्यांना जमतं.

उरलेलं काम ऐकणाऱ्याचं आहे, आणि ते कठीणही नाही. अनोळखी ढब थोडा वेळ लक्ष देऊन ऐकली, की कान रुळतो. ‘शुद्ध’चा धाकही कमी करायला हरकत नाही. ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात आपल्याच वऱ्हाडातल्या रिद्धपुरात लिहिलं गेलं. पुण्याकडची बोली प्रमाण ठरली ती बरीच नंतर, इंग्रजांच्या काळात शाळेची पुस्तकं छापायला लागली तेव्हा. ती लिहायला-शिकायला सोयीची आहे, म्हणून जरूर शिकावी. पण ती अकलेचं माप नाही.

आता जरा आपल्याच वर्गात पाहू. कोलाम पोडावरून किंवा तांड्यावरून आलेला पोरगा मराठी बोलतो, तेव्हा मागच्या बाकावरून हसते कोण? पुण्यात जे आपल्याला झोंबते, तेच आपण घाटंजीत करून राहिलो. पुढच्या वेळी तो बोलायला उठला, की त्याचं वाक्य संपू द्या. तो काय म्हणून राहिला, ते ऐका. उत्तर बरोबर असंल तर हसायला काही उरतच नाही.