विश्लेषण : नकारानंतरही मेसेज येतच राहिले, तर गुन्हा कधी होतो? आणि पुरावा कसा जपायचा?

‘दिवसाला 20 मेसेज येतात, पण त्यात शिवी नाही की धमकी नाही. मग तक्रार कशाची करायची?’ ऑनलाइन छळ सहन करणाऱ्या अनेक जणी याच प्रश्नावर अडतात. मात्र, स्टॉकिंगचा गुन्हा ठरण्यासाठी मेसेज अश्लील किंवा धमकीचा असावा लागत नाही.

कायदा काय सांगतो?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 78 स्टॉकिंगबाबत आहे. त्याआधी हीच तरतूद भारतीय दंड संहितेत कलम 354 ड म्हणून होती. ती 2013 मध्ये आली.

या कलमाचे दोन भाग आहेत. पहिला : स्त्रीने रस नसल्याचे स्पष्ट दाखवूनही पुरुषाने तिच्या मागावर राहून जवळीक साधण्यासाठी पुन्हा पुन्हा संपर्क करणे किंवा तसा प्रयत्न करणे. दुसरा : तिच्या इंटरनेट, ईमेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संवादाच्या वापरावर पाळत ठेवणे. पहिल्या भागात ‘स्पष्ट नकार’ आणि ‘पुन्हा पुन्हा’ हे शब्द कळीचे आहेत. दुसऱ्या भागात नकाराची अट नाही.

पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो, पण तो गुन्हा जामीनपात्र आहे. पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि तेव्हा जामीन हा हक्क राहत नाही.

हे कलम फक्त स्त्रियांना संरक्षण देते. छळ पुरुषाचा होत असेल तर हे कलम लागत नाही. मात्र, धमकी दिली असेल तर गुन्हेगारी धाकदपटशाचे कलम 351 कुणालाही लागू होते.

एक उदाहरण पाहू

समजा, पुण्यातील एका तरुणीला जुना सहकारी रोज मेसेज करतो. ती उत्तर देणे बंद करते. पण नुसते गप्प राहणे म्हणजे ‘स्पष्ट नकार’ नव्हेच, असा युक्तिवाद समोरचा करू शकतो. म्हणून 3 मार्चला ती एकच वाक्य लिहिते : ‘मला तुमच्याशी संपर्क ठेवायचा नाही, यापुढे मेसेज किंवा फोन करू नका.’ त्यात ‘सॉरी’ नाही, ‘सध्या नको’ही नाही. त्यानंतर ती वाद घालत नाही.

5 मार्चला तो दुसऱ्या नंबरवरून मेसेज करतो, 9 मार्चला नव्या इन्स्टाग्राम अकाउंटवरून, तर 12 मार्चला ऑफिसबाहेर उभा दिसतो. 3 मार्चनंतरची प्रत्येक घटना आता पुराव्याच्या साखळीत बसते.

नोंद कशी ठेवायची?

तरुणी एका वहीत तारीख, वेळ, कुठून संपर्क झाला, काय घडले आणि कोणी पाहिले, हे लिहिते. प्रत्येक नोंदीला क्रमांक देते आणि तोच क्रमांक स्क्रीनशॉटच्या फाइलला देते.

स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि आधीचा-नंतरचा संवाद दिसायला हवा. नंबर नावाने सेव्ह असेल तर फक्त नाव दिसते, म्हणून प्रोफाइल उघडून नंबरचाही फोटो घ्यावा. इन्स्टाग्रामवरचे नाव बदलता येते, त्यामुळे प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवावी.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी जतन, मग रिपोर्ट आणि ब्लॉक. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट करताना चॅट डिलीट करण्याचा पर्याय समोर येतो. घाईत तो निवडला गेला तर पुरावा फोनमधून जातो.

स्क्रीनशॉट पुरेसा असतो का?

तक्रार देण्यासाठी पुरतो, पण खटल्यात मूळ फोनचे महत्त्व राहते. जालन्यातील निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले की, मूळ उपकरण न्यायालयात सादर न करता प्रत दिली तर प्रमाणपत्र आवश्यक असते. आता ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. म्हणून तक्रारीनंतर फोन रिसेट करणे, विकणे किंवा मूळ चॅट पुसणे टाळावे.

तक्रार कुठे करायची?

घटना कोणत्याही हद्दीतली असली तरी जवळच्या पोलीस ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. ऑनलाइन माहिती दिल्यास ती नोंदवून घेण्यासाठी तीन दिवसांत सही करावी लागते. कलम 78 च्या प्रकरणात तक्रारदार स्त्रीचे म्हणणे महिला अधिकाऱ्याने नोंदवायचे असते. cybercrime.gov.in या पोर्टलवरही तक्रार करता येते. तातडीचा धोका असेल तर मात्र थेट 112.

ठाण्यात नकार मिळाल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) नुसार पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते आणि तिथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी ठाण्यात दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोहोच घेणे गरजेचे ठरते.