नावे खोडली, तर अहवालात काय उरते?

३१ जानेवारी २०२१. देशभर पल्स पोलिओचा रविवार होता. वर्धा नदीच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालील बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना उलट्या, अस्वस्थता सुरू झाली आणि त्यांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने त्यांची प्रकृती स्थिर राहिली. तीन कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई होणार, असे जिल्हा परिषदेने जाहीर केले आणि लोकांच्या लक्षात राहिले ते एवढेच.

आता प्रश्न असा, की या घटनेतून नदीच्या अलीकडच्या बूथने काय शिकायचे? आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातील एखाद्या आशाताईला यवतमाळच्या त्या तिघांची नावे कळून काही उपयोग नाही. तिला कळायला हवे ते हे, की थेंबांची कुपी आणि सॅनिटायझरची बाटली एकाच हातात, एकाच वेळी कशी आली. मोहिमेनंतरच्या आढावा अहवालाची खरी कसोटी हीच. अहवालातील सगळी माणसांची नावे खोडावीत आणि तो पुन्हा वाचावा. मागे काही उरले, तर तो अहवाल. काहीच उरले नाही, तर ती नुसती आरोपपत्राची प्रत.

अशा अहवालाची रचना साधी असते. काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, फरक का पडला आणि पुढच्या फेरीत नेमके काय बदलायचे, एवढे चार प्रश्न. अवघड आहे तो तिसरा. ‘निष्काळजीपणा’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, कारण निष्काळजीपणा हा निष्कर्ष आहे, कारण नव्हे. तेथे थांबले की चौकशी संपते आणि टेबल मात्र जसेच्या तसे राहते.

त्या रविवारचे टेबल पाहू. ही फेरी आधी १७ जानेवारीला ठरली होती. १६ जानेवारीला कोविड लसीकरण सुरू होणार म्हणून ती पुढे ढकलली गेली. म्हणजे गावपातळीवरची तीच माणसे दोन मोहिमांच्या कात्रीत होती. पोलिओच्या बूथवर पूर्वी असे लस, बर्फाचे पॅक ठेवलेला लसवाहक डबा, करंगळीला खूण करायचा मार्कर आणि नोंदीचा कागद. कोविडमुळे या मांडणीत एका नव्या द्रवाची बाटली आली. प्रत्येक मुलाच्या आधी हात स्वच्छ करायचे, म्हणून ती हाताशीच असणार. टेबलावर नवी वस्तू आली, तेव्हा तिची जागा कोणी ठरवून दिली होती का? प्रशिक्षणात त्याबद्दल एक वाक्य तरी होते का? बाटल्यांचा आकार, झाकण, लेबल यांत किती साम्य होते? थेंब पाजणारा हात किती तास न बदलता काम करत होता? हे प्रश्न कोणाचीही बाजू घेत नाहीत, आणि यातील प्रत्येकाचे उत्तर आष्टीच्या बूथला उपयोगी पडते.

‘लेबल वाचायला काय झाले होते?’ असे कोणीही विचारील. पोलिओच्या कुपीवर एक छोटी खूण असते. वर्तुळात चौकोन. उष्णतेने चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला, की कुपी टाकून द्यायची. ही खूण पाहण्यासाठी डोळे लेबलवर जातातच, म्हणून ती चुकीच्या बाटलीपासूनही वाचवते. पण एका कुपीत वीस मात्रा असतात. खूण कुपी उघडताना पाहिली जाते, विसाव्या मुलापर्यंत ती पुन्हा पाहिली जाईलच असे नाही. मध्येच गर्दी झाली, कुपी खाली ठेवली, पुन्हा उचलली, की हात सवयीने चालतो. म्हणून नियम हवा, तो असा: कुपी खाली ठेवून पुन्हा उचलली, की खूण पुन्हा पाहायची आणि पालकांना दाखवायची. हात धुण्याची बाटली टेबलावर नको, रांगेच्या सुरुवातीला दुसऱ्या माणसाकडे हवी. या दोन ओळींसाठी कोणाच्याही निलंबनाची गरज नाही.

मग ही चूक कागदावर पकडली जाईल का? हिशेब करून पाहू. समजा, एका बूथवर १८० मुलांची नोंद झाली. थेंब वाया न घालवता त्यासाठी नऊ कुप्या लागतात. दहा टक्के वाया जाणे गृहीत धरले, तर दहा. यातल्या बारा मुलांना भलतेच काही दिले गेले असेल, तर लस मिळाली १६८ मुलांना. त्यासाठीही नऊ कुप्या उघडाव्याच लागतात. म्हणजे नोंद १८०, कुप्या नऊ, हिशेब चोख. संध्याकाळच्या तक्त्यात चूक दिसणारच नाही. ती कळते दोनच मार्गांनी. मूल उलटी करते, किंवा बूथवरचा माणूस स्वतः म्हणतो, ‘थांबा, ही बाटली वेगळी आहे.’

दुसरा मार्ग उघडा राहण्यासाठी भीती कमी हवी, आणि याला वैद्यकीय कारणही आहे. सॅनिटायझरमध्ये बहुधा साठ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असते. लहान मुलात अल्कोहोलने रक्तातील साखर घसरू शकते, आणि द्रवात मिथेनॉलची भेसळ असेल तर धोका आणखी वेगळा. किती थेंब, कोणती बाटली, किती वाजता, हे पहिल्या तासात सांगितले तर डॉक्टर साखर तपासतो, बाटली मागवून घेतो, मुलाला नजरेखाली ठेवतो. नोकरीच्या धास्तीने तास-दोन तास गप्प बसलेले तोंड मुलाला महागात पडते.

आपल्या व्यवस्थेला ही पद्धत परकी नाही. लसीकरणानंतरच्या विपरीत घटनांच्या वर्गीकरणात लसीचा दोष, लसीकरणातील चूक आणि निव्वळ योगायोग हे प्रकार वेगळे केले जातात, म्हणजे कारण आधी शोधले जाते. माता मृत्यूच्या आढाव्यातही नाव नाही, दोष नाही हेच तत्त्व आहे. घरच्यांचा निर्णय उशिरा झाला, की वाहन उशिरा मिळाले, की रुग्णालयात उपचार उशिरा सुरू झाले, या तीन विलंबांत माहिती मांडली, की रक्तपेढी की रुग्णवाहिका हे कळते. कोणती परिचारिका हे कळायची गरज उरत नाही.

याचा अर्थ सगळे माफ, असा नाही. मुद्दाम केलेली किंवा नशेत केलेली कृती, खोटी नोंद, पुरावा लपवणे यांची शिस्तभंगाची वाट वेगळी आहे आणि ती राहावी. फक्त दोन्ही कामे एकाच समितीने, एकाच कागदावर करू नयेत. ज्या टेबलावर जबाब नोंदवून नोकरी जाते, त्या टेबलावर कोणी खरे बोलत नाही.

मोहीम संपल्यावर प्रत्येक तालुका आरोग्य अधिकाऱ्याने एक पानी, नावे नसलेला अहवाल आठवड्याभरात शेजारच्या तालुक्यांना पाठवावा. त्यात थोडक्यात वाचलेल्या चुकाही असाव्यात: उचललेली पण वेळीच खाली ठेवलेली बाटली, गडद झालेला चौकोन, बर्फ वितळलेला डबा. अशा नोंदी दर फेरीला शून्य येत असतील, तर चुका होत नाहीत असे समजू नये. कोणी सांगत नाही, एवढाच त्याचा अर्थ.