कोटा मिळाला, मग तिकीट का नाही?

ऑलिंपिकला वर्ष-दीड वर्ष उरले की वर्तमानपत्रांत एक ठरावीक बातमी येऊ लागते. अमक्या खेळाडूने अमक्या स्पर्धेत देशाला ऑलिंपिकचा कोटा मिळवून दिला. गावात फटाके वाजतात, चौकात अभिनंदनाचा फलक लागतो. पुढे प्रत्यक्ष संघ जाहीर होतो आणि त्या यादीत त्या खेळाडूचे नाव नसते. मग कट्ट्यावर चर्चा सुरू होते की नक्कीच वशिला लागला असणार. वशिला कधीच लागत नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण बहुतेक वेळा या कोड्याचे उत्तर ‘कोटा’ या शब्दाच्या अर्थातच दडलेले असते. आज त्याचीच थोडी उकल करू.

आपल्याकडे गर्दीच्या वेळी एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची जुनी पद्धत आहे. रुमाल टाकतो धाकटा, पण त्या जागेवर आजी बसणार की मावशी, हे घरातली माणसे ठरवतात. नेमबाजीतला कोटा नेमका असाच आहे. खेळाडू जागा धरतो, पण ती देशाच्या नावावर लागते. त्या जागेवर कोणाला बसवायचे ते देशातली त्या खेळाची संघटना आणि राष्ट्रीय ऑलिंपिक समिती ठरवते.

मुळात जागा धरायची वेळ का येते? ऑलिंपिकमध्ये खेळाडूंची संख्या मर्यादित असते. पॅरिसला २०२४ मध्ये सगळे खेळ मिळून सुमारे साडेदहा हजार खेळाडूंना प्रवेश होता. त्यातल्या नेमबाजीच्या वाट्याला ३४० जागा आल्या होत्या. शिवाय वैयक्तिक प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त दोनच नेमबाज, असा दंडक होता. नाहीतर चीनचे किंवा आपलेच पाच-सहा जण एका प्रकारात उभे राहिले असते आणि लहान देशांना दारातूनच परतावे लागले असते. म्हणून आधीची दोन-अडीच वर्षे जागतिक, खंडीय आणि खास पात्रता स्पर्धांतून या जागा थोड्या थोड्या वाटल्या जातात. ज्या देशाच्या दोन जागा भरल्या, त्याच्या पुढच्या नेमबाजाने कितीही चांगला नेम धरला तरी देशाला तिसरी जागा मिळत नाही. ती मागच्या देशाकडे जाते.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातले कांबळवाडी हे स्वप्नील कुसाळेचे गाव. त्याचा प्रकार ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, म्हणजे एकाच सामन्यात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरायचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये इजिप्तमधल्या कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. पदक थोडक्यात हुकले, पण चौथ्या क्रमांकाला कोटा होता. या प्रकारातली भारताची पहिली जागा अशी लागली. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, अझरबैजानमधल्या बाकूच्या जागतिक स्पर्धेत अखिल शेरॉनने कांस्यपदक मिळवले आणि दुसरी जागाही भारताची झाली. देशाचे दोन रुमाल पडले, गाडी भरली.

वाचणाऱ्याला वाटेल, चला, स्वप्नील आणि अखिल पॅरिसला निघाले. पण तसे झाले नाही. आपल्या रायफल संघटनेचे धोरण होते की ऑलिंपिकच्या तोंडावर निवड चाचण्या घ्यायच्या आणि त्यांतल्या गुणांवरून संघ ठरवायचा. एप्रिल-मे २०२४ मध्ये दिल्ली आणि भोपाळ इथे या चाचण्या झाल्या. प्रत्येक प्रकारातले मोजके अव्वल नेमबाज त्यांत उतरले होते. एखाद्याचा एक दिवस वाईट गेला म्हणून तो बाद होऊ नये, यासाठी एका ऐवजी चार चाचण्या ठेवल्या होत्या.

चाचण्या संपल्या तेव्हा दोन जागांवर दोन नावे होती. एक स्वप्नील कुसाळे आणि दुसरा मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर. या वेळी ऐश्वर्यच्या नावावर कोटा नव्हता, तरी तो निघाला. अखिलच्या गळ्यात जागतिक कांस्यपदक होते, कोटा त्यानेच आणला होता, तरी तो घरी राहिला. आणि स्वप्नीलला स्वतःच धरलेल्या जागेवर बसण्यासाठी ती जागा दुसऱ्यांदा जिंकावी लागली.

पॅरिसमध्ये काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. प्राथमिक फेरीत साठ गोळ्या आणि कमाल सहाशे गुण. स्वप्नीलने ५९० गुण घेऊन सातवा क्रमांक मिळवला. पहिले आठ अंतिम फेरीत जातात, म्हणून तो पुढे गेला. ऐश्वर्यला ५८९ गुण मिळाले, एकच कमी, आणि तो अकरावा राहिला. मग १ ऑगस्ट २०२४ रोजी अंतिम फेरीत स्वप्नीलने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतले. या प्रकारात भारताला ऑलिंपिक पदक मिळण्याची ती पहिलीच वेळ.

एअर रायफलमध्येही असेच घडले. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ च्या त्याच कैरोच्या स्पर्धेत जगज्जेतेपद मिळवून कोटा आणला होता. चाचण्यांनंतर मात्र संघात संदीप सिंग आणि अर्जुन बबुता आले. बबुताचा स्वतःचा कोटा होता, संदीपचा नव्हता. पॅरिसमध्ये बबुता अंतिम फेरीत चौथा आला आणि संदीप प्राथमिक फेरीतच बाराव्या स्थानावर थांबला.

हे न्यायाचे झाले का? संघटनेचे म्हणणे असे की नेमबाजाचा हात दोन वर्षांत बदलतो. २०२२ चा नेम २०२४ मध्ये तसाच राहील याची हमी नाही, म्हणून आज कोण चांगला आहे तेच पाहावे. विरोधात म्हणणारेही आहेत. ज्याने साऱ्या जगासमोर दडपणाखाली नेम धरला, त्याचे मोल घरच्या मैदानावरच्या चाचणीपेक्षा जास्त नाही का, असे ते विचारतात. एकट्या निकालांवरून कौल देता येत नाही. ज्यांना वगळले ते गेले असते तर काय झाले असते, हे कोणालाच कळणार नाही.

कुस्तीत मात्र आपल्याच देशात याच्या उलट घडले. तिथेही कोटा देशाचाच, आणि एका वजनगटात एका देशाला एकच जागा. सप्टेंबर २०२३ मध्ये बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत अंतिम पंघालने ५३ किलो गटात कांस्यपदक आणि कोटा मिळवला. विनेश फोगाटचा गट तोच. ती जागा गेल्यावर विनेशने वजन उतरवून ५० किलो गट धरला आणि एप्रिल २०२४ मध्ये बिश्केकच्या आशियाई पात्रता स्पर्धेतून तिथला कोटा आणला. कोटा आणणाऱ्यांची पुन्हा चाचणी घ्यायची, अशी भाषा आधी झाली होती. पण शेवटी कुस्ती महासंघाने चाचणी न घेता कोटा आणणाऱ्यांनाच पाठवले. पॅरिसमध्ये अंतिम पहिल्याच कुस्तीत हरली. विनेश अंतिम फेरीपर्यंत पोचली आणि त्या सकाळी शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्याने बाद झाली. ती ५३ सोडून ५० मध्ये का आली याचे एक मोठे कारण असे कोट्याच्या हिशेबात आहे. तालमीत वाढलेल्या आपल्या भागातल्या वाचकांना वजन उतरवणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

मग नावावरचे तिकीट कुठेच नसते काय? असते. ॲथलेटिक्समध्ये ठरावीक वेळ किंवा अंतर गाठले की तो खेळाडू स्वतः पात्र ठरतो. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळेचेच पाहा. तीन हजार मीटर स्टीपलचेसची पॅरिससाठीची पात्रता वेळ ८ मिनिटे १५ सेकंद होती. अविनाशने जुलै २०२३ मध्ये पोलंडमध्ये ८ मिनिटे ११.६३ सेकंदांत शर्यत पूर्ण केली आणि पात्रता गाठली. त्याच्या वेळेवर दुसरा कोणी जाऊ शकत नव्हता. ज्यांना वेळ गाठता येत नाही त्यांच्यासाठी उरलेल्या जागा जागतिक क्रमवारीवरून भरतात. मात्र इथेही एका देशाचे तिघेच. अमेरिकेत तीनपेक्षा कितीतरी जास्त जण पात्र ठरतात, म्हणून तिथे निवड स्पर्धा होते आणि जगातले नामवंतही तिथे चौथे आले तर घरी बसतात.

धरलेली जागा हातची जाऊही शकते. परवीन हुडाने २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मुष्टियुद्धात ५७ किलो गटाचा कोटा मिळवला होता. उत्तेजक तपासणीसाठी खेळाडूने आपला ठावठिकाणा वेळोवेळी कळवायचा असतो. त्यात चुका झाल्याने तिच्यावर बंदी आली आणि देशाची जागाही गेली. मग भारताला ती बँकॉकच्या शेवटच्या पात्रता स्पर्धेत नव्याने मिळवावी लागली. जास्मिन लंबोरियाने ती मिळवली. याउलट कधी जागा शिल्लकही राहते. मनू भाकर पिस्तुलाच्या दोन प्रकारांत निवडली गेली. एकच व्यक्ती दोन ठिकाणी उतरल्याने भारताची एक जागा मोकळी झाली. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या संमतीने ती महिलांच्या ट्रॅप प्रकाराकडे वळवली आणि श्रेयसी सिंहला पॅरिस गाठता आले.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कोट्याची बातमी वाचाल तेव्हा तीन गोष्टी पाहा. जागा देशाच्या नावावर आहे की खेळाडूच्या? देशाच्या नावावर असेल तर संघटना चाचणी घेणार आहे का? आणि त्या चाचणीचा नियम आधी जाहीर झाला आहे, की नावे डोळ्यांसमोर ठेवून मागाहून ठरला? वशिल्याचा संशय घ्यायचाच असेल तर तो या तिसऱ्या प्रश्नावर घ्यावा. पहिल्या दोहोंची उत्तरे नियमावलीत मिळतात आणि ती दर ऑलिंपिकला, दर खेळाला वेगळी असतात, एवढे मात्र ध्यानात ठेवा. चौकातला फलक लावायला हरकत नाही. फक्त त्यावर ‘ऑलिंपिकला निवड’ असे न लिहिता ‘देशासाठी जागा मिळवली’ असे लिहावे. ते खरेही असते आणि तो मानही काही थोडाथोडका नाही.