विशेषणाला पुरावा मागा

प्रवासवर्णनाच्या स्वाध्यायात वारंवार आढळणाऱ्या एका दोषाविषयी या लेखात माझे मत मांडावयाचे आहे. आरंभी पुढील परिच्छेद वाचा. काही वर्षांपूर्वी एका संपर्कसत्रात, अंगणवाडीत काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तो लिहून आणला होता.

‘लोणार सरोवर हे अत्यंत सुंदर व निसर्गरम्य ठिकाण आहे. येथे उल्कापातामुळे तयार झालेले जगप्रसिद्ध सरोवर, प्राचीन दैत्यसूदन मंदिर, गोमुख, कमळजादेवीचे मंदिर, सासू-सुनेची विहीर अशी अनेक प्रेक्षणीय स्थळे आहेत. सभोवतालचे घनदाट जंगल मनाला मोहून टाकते. येथील शांत वातावरणात मन प्रसन्न होते. प्रत्येकाने एकदा तरी भेट द्यावी असे हे अविस्मरणीय ठिकाण आहे.’

या परिच्छेदात व्याकरणाची एकही चूक नाही. तरीही तो वाचून लोणार डोळ्यांसमोर उभे राहत नाही. याचे कारण शोधण्याची एक सोपी कसोटी आहे. ‘लोणार सरोवर’ या शब्दांच्या जागी ‘महाबळेश्वर’ घालून पाहा. दुसरे वाक्य वगळता सर्व वाक्ये जशीच्या तशी टिकतात. ज्या वाक्यातील गावाचे नाव बदलले तरी वाक्य खरेच राहते, ते वाक्य त्या गावाविषयी काहीही सांगत नसते. उरलेले दुसरे वाक्य लोणारचेच आहे, हे खरे. पण ते लिहिण्यासाठी लोणारला जाण्याची गरज नव्हती. स्थानकावरचा माहितीफलक पुरेसा होता.

येथे विशेषणांचे दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. ‘खारट’, ‘बुळबुळीत’, ‘काळपट’ ही विशेषणे वस्तूचा गुण सांगतात. दुसरा मनुष्य तेथे जाऊन त्यांची खातरजमा करू शकतो. ‘सुंदर’, ‘निसर्गरम्य’, ‘अविस्मरणीय’ ही विशेषणे लेखकाचा निवाडा सांगतात. निवाडा देण्यास हरकत नाही, पण पुरावा न मांडता दिलेला निवाडा वाचकाने का मानावा? म्हणून ‘विशेषणे टाळा’ हा सरसकट उपदेश मला मान्य नाही. निवाड्याच्या प्रत्येक विशेषणाखाली रेघ ओढा आणि त्याला विचारा : हे तुला कशावरून कळले?

मी त्या विद्यार्थिनीला हेच विचारले. “तुम्हांला अविस्मरणीय काय वाटले?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, खरं सांगू का? ते पाणी. हात घातला तर धुण्याच्या सोड्यात घातल्यासारखा बुळबुळीत झाला. पण हे असलं लिहायचं असतं का?”

त्यांच्या या प्रश्नातच आपल्या लेखनाचे दुखणे आहे. शालेय निबंधाने आपल्याला एक ठरावीक भाषा शिकवली आणि हाताला, नाकाला, पायांना जे कळले ते तिच्यात बसत नाही, म्हणून आपण ते गाळतो. या बाईंच्या हाताने जे ओळखले ते शास्त्रदृष्ट्याही अचूक होते. लोणारचे पाणी खारे आणि तीव्र अल्कधर्मी आहे. त्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडाच विपुल आहे. एके काळी या सरोवरातून सोडा काढलाही जात असे. वर्षानुवर्षे कपडे धुतलेल्या हाताने ते क्षणात जाणले होते आणि लेखात नेमके तेच आले नव्हते.

पुनर्लेखन करताना आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली, यादी मोडली. यादीत पाच स्थळे स्वल्पविरामांनी जोडलेली असतात; त्यांना सारखेच वजन मिळते आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत कोणी चालत नाही. आम्ही पाण्याशी संबंधित दोनच जागा ठेवल्या, काठावरची गोड्या पाण्याची धार आणि तळाचे खारे सरोवर. दैत्यसूदन मंदिर गावात आहे आणि त्याच्या कोरीवकामाला स्वतंत्र लेख हवा, म्हणून ते सोडले. दुसरी, काळ बदलला. ‘मन प्रसन्न होते’ हा साधा वर्तमानकाळ कोणाच्याही आणि कोणत्याही दिवसाचा असतो. भूतकाळात आल्याबरोबर तो त्यांचा स्वतःचा दिवस झाला. तिसरी, माहिती अनुभवाच्या ओघात ठेवली. सिद्ध झालेला परिच्छेद असा :

‘गोमुखातून पडणाऱ्या धारेचे पाणी ओंजळीने प्यायलो आणि उतरू लागलो. समोरचा काठ सुमारे १.८ किलोमीटर दूर होता. तिथली झाडे शेवाळासारखी दिसत होती. खाली जाता जाता वारा थांबला. पाणी दिसण्याआधी त्याचा वास आला, कुजलेल्या अंड्यासारखा. काठावर पांढरी खपली धरली होती. तिच्यावर पाय ठेवला तसा तो खालच्या काळ्या चिखलात रुतला. हात पाण्यात बुडवून बोटे चोळली, तर ती धुण्याच्या सोड्यात घातल्यासारखी बुळबुळीत लागली. वर येऊन पुन्हा त्याच धारेखाली हात धरले. बुळबुळीतपणा जायला बराच वेळ लागला.’

यात ‘अविस्मरणीय’ हा शब्द नाही, ‘सुंदर’ही नाही. आता महाबळेश्वरची कसोटी लावून पाहा. वाक्ये टिकत नाहीत. एकाच उतारावर गोडे आणि खारे पाणी आहे, हे लोणारचे वैशिष्ट्य वाचकाला कोणी न सांगता कळते.

या पद्धतीत दोन धोके आहेत. पहिला, तपशिलांचीच यादी होणे. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका विद्यार्थ्याने एका घाटाच्या वर्णनात सात वास आणि पाच आवाज लिहून आणले. सुट्या तपशिलांचा ढीग आणि स्थळांची यादी यांत फारसा फरक नाही. तपशील एका सूत्राला धरून असावेत. वरच्या परिच्छेदात ते सूत्र पाणी आहे. एखादे वाक्य काढून पाहावे. काहीच बिघडले नाही तर ते अनावश्यक होते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे : न पाहिलेले लिहिणे. उतरताना एक पक्षी ओरडल्याचे बाईंना आठवत होते, पण कोणता ते सांगता येईना. तेथे मोर आहेत, म्हणून ‘मोराची केका’ लिहिण्याचा मोह आम्हां दोघांनाही झाला. आम्ही तो पक्षी गाळला. प्रवासवर्णनाचा वाचक लेखकाच्या साक्षीवर विसंबून असतो. बनावट तपशील हा पोकळ विशेषणापेक्षा वाईट, कारण तो पुराव्याचे सोंग आणतो. आठवत नसेल तर परिच्छेद लहान होऊ द्यावा. पुढील प्रवासात त्याच दिवशी संध्याकाळी, नाक, कान आणि हात यांना काय कळले याच्या चार ओळी टिपून ठेवाव्यात. स्थळांची नावे नंतरही मिळतात.

“पण परीक्षेत माहितीला गुण असतात ना?” असे बाईंनी शेवटी विचारले. प्रश्न रास्त होता. सहलीचा बेत आखणाऱ्याला स्थळांची यादी लागतेच आणि ‘लोणारमधील प्रेक्षणीय स्थळे सांगा’ असा प्रश्न आला तर यादीच द्यावी. मात्र प्रश्न प्रवासवर्णनाचा असेल तर परीक्षकाला हवी असते ती तेथे जाऊन आलेल्या माणसाची साक्ष. पाचही स्थळांची नावे त्याला आधीच ठाऊक असतात. तुमच्या बोटांना पाणी कसे लागले, ते मात्र त्याला ठाऊक नसते.