विश्लेषण : शैक्षणिक कर्जाचं व्याज भरलं, तरी करवजावट का नाकारली जाते?

पुण्यातल्या एका आयटी कंपनीत काम करणाऱ्या माझ्या कॉलेजमित्राचा परवा फोन आला. म्हणाला, "अरे, मी व्याज भरलंय हे बँकेला मान्य आहे. प्राप्तिकर खात्यालाही त्याबद्दल शंका नाही. फक्त किती भरलं, हे कुणी लिहून द्यायला तयार नाही." आणि एवढ्या एका कारणावरून त्याची शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाची संपूर्ण वजावट नाकारली गेली होती.

त्याने बँकेकडून आणलेलं प्रमाणपत्र मी मागवून पाहिलं. लेटरहेड, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. मजकूर मात्र एका वाक्याचा. अमुक खातेदाराने आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये शैक्षणिक कर्जखात्यात एकूण २,४०,००० रुपये भरले आहेत. त्यातलं व्याज किती आणि मुद्दल किती, याबद्दल अवाक्षर नाही.

फोड एवढी महत्त्वाची का?

प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०ई नुसार उच्च शिक्षणाच्या कर्जावर वर्षभरात भरलेलं व्याज उत्पन्नातून वजा करता येतं. रकमेला कमाल मर्यादा नाही. व्याज भरायला सुरुवात केल्यापासून जास्तीत जास्त आठ वर्षं ही वजावट मिळते आणि ती फक्त जुन्या करप्रणालीत आहे. पण कलमातले शब्द 'व्याजापोटी भरलेली रक्कम' असे आहेत. मुद्दलाच्या परतफेडीवर एक रुपयाचीही वजावट नाही. त्यामुळे २,४०,००० या आकड्याचा अधिकाऱ्याला काहीच उपयोग नाही. तो पूर्ण मान्य केला तर कायदा मोडतो, आणि त्यातला किती मान्य करायचा हे कागद सांगत नाही.

मित्राचा हिशेब पाहू. १ एप्रिल २०२३ रोजी कर्जाची बाकी १२ लाख, व्याजदर १० टक्के, हप्ता २०,००० रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज झालं १०,०००, म्हणजे हप्त्यातले उरलेले १०,००० मुद्दलात गेले. पुढच्या महिन्यात बाकी ११,९०,००० झाली आणि व्याज ९,९१७ वर आलं. असं करत बाराव्या हप्त्यात व्याज साधारण ९,०४४ रुपये होतं. वर्षाची बेरीज केली तर व्याज १,१४,३४४ आणि मुद्दल १,२५,६५६. मित्राने एक्सेलमध्ये हाच तक्ता करून विवरणपत्रात १,१४,३४४ रुपयांची वजावट मागितली होती. म्हणजे त्याने पूर्ण हप्ते दाखवून जादा वजावट लाटायचा प्रयत्न केलेला नव्हता. आकडा बरोबर होता, कागद चुकीचा होता.

हे उशिरा का कळलं?

पहिली घंटा खरं तर जानेवारी २०२४ मध्येच वाजली होती. कंपनीच्या पेरोल विभागाने गुंतवणुकीचे पुरावे तपासताना हेच प्रमाणपत्र परत पाठवलं आणि पगारातून कर जादा कापला. कंपनीने नाकारलं म्हणून हक्क जात नाही. विवरणपत्रात वजावट मागता येते. त्याने तशी मागितली आणि परतावाही खात्यात आला. विवरणपत्रासोबत कोणताही कागद जोडावा लागत नसल्याने प्रमाणपत्राचा विषय त्याच्या दृष्टीने तिथेच संपला.

जून २०२५ मध्ये कलम १४३(२) खाली छाननीची नोटीस आली. ई-फायलिंग पोर्टलवर पुरावा मागितला गेला. त्याने तेच एका वाक्याचं प्रमाणपत्र आणि स्वतःचा एक्सेल तक्ता अपलोड केला. आदेशात उत्तर आलं की सादर केलेल्या दस्तऐवजावरून व्याजाची रक्कम सिद्ध होत नाही, सबब वजावट अमान्य.

त्याची किंमत किती? पगार १६ लाख. घरभाडं भत्त्याची सूट, प्रमाणित वजावट आणि ८०सी धरून जुन्या प्रणालीत त्याचं करपात्र उत्पन्न १२ लाख होतं. व्याजाची वजावट गेल्याने ३५,६७५ रुपयांचा कर वाढला, त्यावर व्याज वेगळं. त्याहून जास्त बोचणारी गोष्ट पुढे आहे. वजावटीसह जुन्या प्रणालीत त्याचा कर १,४३,७२५ होत होता, तर नव्या प्रणालीत १,७१,६०० झाला असता. म्हणून त्याने जुनी निवडली. वजावट गेल्यावर जुन्या प्रणालीतला कर झाला १,७९,४००, म्हणजे नव्यापेक्षाही जास्त. पण प्रणालीची निवड विवरणपत्राच्या मुदतीतच करायची असते, आता मागे फिरता येत नाही. ज्या वजावटीसाठी एक दार निवडलं, ती गेली आणि दुसरं दारही बंद झालं.

चूक कोणाची?

अधिकाऱ्यावर सगळा राग काढणं सोपं आहे. पण वजावट मागणाऱ्यानेच ती सिद्ध करायची असते, आणि घरी केलेला तक्ता हा बँकेचा दस्तऐवज नाही. शिवाय बँका रोजच्या शिल्लकीवर व्याज मोजतात, दर मध्येच बदलतो, एखादा हप्ता चार दिवस उशिरा जातो. त्यामुळे एक्सेलचा आकडा बँकेच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाहीच.

तरीही संपूर्ण वजावट शून्य करणं मला पटत नाही. १२ लाखांच्या कर्जावर वर्षभर हप्ते भरणाऱ्याने शून्य व्याज भरलं, असं कोणतंही गणित सांगत नाही. कलम १३३(६) खाली अधिकारी थेट बँकेकडून माहिती मागवू शकतो. एक पत्र पाठवलं असतं तर प्रश्न सुटला असता.

मूळ दोष मात्र कर्ज देणाऱ्या बँकेचा आहे. कर्जखात्याचा उतारा काढला तर दर महिन्याला व्याज नावे पडल्याची वेगळी नोंद दिसते आणि हप्ता जमा झाल्याची वेगळी. म्हणजे फोड सॉफ्टवेअरमध्ये आधीच आहे, फक्त प्रमाणपत्राच्या साच्यात ती येत नाही. गृहकर्जाच्या प्रमाणपत्रात हीच फोड बिनबोभाट मिळते, कारण तिथे मुद्दलालाही ८०सी मध्ये वजावट आहे आणि दोन्ही आकडे सगळेच मागतात. शैक्षणिक कर्जाबाबत कायद्याने प्रमाणपत्राचा नमुनाच ठरवलेला नाही. देणगीच्या वजावटीसाठी संस्थेला १०बीई या ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र द्यावं लागतं. व्याजासाठी तसा नमुना बंधनकारक केला, तर शाखेतल्या कर्मचाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न उरणार नाही.

आकारणी वर्ष २०२५-२६ पासून विवरणपत्रात कर्जदात्याचं नाव, खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, कर्जाची रक्कम, वर्षअखेरची बाकी आणि व्याज हे सगळं भरावं लागतं. करदात्याकडून एवढा तपशील मागणारी व्यवस्था बँकेकडून दोन आकडे वेगळे लिहून घेत नाही, हे विचित्र आहे.

फोड असूनही अडकू शकता

प्रमाणपत्रात व्याजाचा आकडा आला की काम झालं असं नाही. 'आकारलेलं व्याज' आणि 'भरलेलं व्याज' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेने वर्षात १,१४,००० आकारले, पण तीन हप्ते थकले असतील, तर वजावट प्रत्यक्ष भरलेल्या व्याजाचीच मिळेल. जानेवारीत मिळणारं तात्पुरतं प्रमाणपत्र तर मार्चपर्यंतचे हप्ते वेळेवर जातील असं गृहीत धरूनच काढलेलं असतं. विवरणपत्रासाठी ३१ मार्चनंतरचं अंतिम प्रमाणपत्र घ्या.

दुसरा प्रश्न शिक्षणाच्या काळातल्या व्याजाचा. मित्राने मुळात ९ लाखच घेतले होते. कोर्स आणि नंतरच्या सवलतीच्या काळात साठलेलं ३ लाखांचं व्याज हप्ते सुरू होताना मुद्दलात मिळवलं गेलं, म्हणून बाकी १२ लाख झाली. मिळवलं त्या दिवशी ते 'भरलेलं' नव्हतं, त्यामुळे तेव्हा वजावट नाही. आता तो ते हप्त्यांतून फेडतोय, पण बँकेच्या वहीत ते मुद्दल आहे, आणि प्रमाणपत्रातही मुद्दलाच्याच रकान्यात येणार. हे मुळात व्याजच होतं, असा युक्तिवाद करता येतो. मात्र कागद विरुद्ध बोलत असताना तो टिकवणं अवघड आहे. काही कर्जदाते हे जुनं व्याज वेगळ्या खात्यात ठेवतात आणि हप्त्यातून आधी ते वळतं करतात. तुमचं तसं असेल, तर ती रक्कम 'भरलेलं व्याज' म्हणून प्रमाणपत्रात वेगळी लिहून घ्या.

आता काय करायचं?

बँकेला ईमेलवर अर्ज करा, तोंडी नको. अर्जात पॅन, कर्जखाते क्रमांक आणि आर्थिक वर्ष लिहा. १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात भरलेलं व्याज, भरलेलं मुद्दल आणि वर्षअखेरची बाकी असे तीन आकडे वेगवेगळे मागा. कर्ज शिक्षणासाठी आहे, हा उल्लेखही हवा. सोबत पूर्ण वर्षाचा खातेउतारा डाउनलोड करून ठेवा. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर नाही मिळालं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते.

छाननी सुरू असेल तर प्रमाणपत्राची वाट पाहत गप्प बसू नका. खातेउतारा अपलोड करा, व्याजाच्या बारा नोंदींवर खूण करा, बँकेला पाठवलेला ईमेल जोडा आणि कलम १३३(६) खाली बँकेकडून माहिती मागवण्याची लेखी विनंती करा. मित्राकडे उतारा होता, पण 'प्रमाणपत्र दिलंय की' म्हणून त्याने तो जोडलाच नाही.

आदेश निघाला असेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म ३५ भरून आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येतं. करनिर्धारणात ठरलेलं उत्पन्न २ लाखांवर असल्यास शुल्क १,००० रुपये. कलम १५४ खालचा दुरुस्ती अर्ज इथे सहसा चालत नाही. तो नोंदींवरून उघड दिसणाऱ्या चुकीसाठी असतो, आणि इथे तर आवश्यक कागद नोंदीतच नव्हता. अपिलात नवा पुरावा द्यायचा असेल, तर तो आधी का देता आला नाही याचं सबळ कारण नियम ४६ए नुसार दाखवावं लागतं.

मित्राला नेमकं तेच कारण दाखवायचं आहे. त्याने शाखेत पाच चकरा मारल्या, पण लेखी अर्ज एकही नाही. फोननंतर त्याने बँकेला पहिला ईमेल केला आणि आठव्या दिवशी फोड असलेलं प्रमाणपत्र हातात पडलं. अपिलाच्या मुदतीचे तेव्हा ११ दिवस उरले होते.