गोरं करून नको, फक्त मी हवाय!

एमएससाठी अमेरिकेला निघालेल्या मित्रमैत्रिणींची सध्या एकच धावपळ चाललेली असते. आय-ट्वेंटी आला, फी भरली, आता DS-160 फॉर्म. आणि त्यात फोटो. मग सगळे जवळच्या स्टुडिओत जातात. माझं म्हणणं असं, की हा फोटो घरीच काढा. पैसे वाचतात म्हणून नाही, तर तो ‘सुधारला’ जाऊ नये म्हणून.

आपल्याकडे स्टुडिओवाले दादा न विचारताच चेहरा उजळ करतात, पिंपल्स पुसतात, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवतात. बायोडेटासाठी ते चालेल. पण व्हिसाचा फोटो तुम्ही आणि फोटोतली व्यक्ती एकच आहात हे पटवण्यासाठी असतो. म्हणूनच असं एडिटिंग नियमात बसत नाही. सावळा रंग, गालावरचा तीळ ही तर तुमची ओळख आहे, ती का पुसायची?

दुसरी भानगड मापाची. बऱ्याच स्टुडिओंत सवयीने ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो मिळतो. तो शेंगेन व्हिसाला चालतो, पण अमेरिकेला चौकोनी, २ बाय २ इंची फोटो लागतो. मग कुणीतरी तोच उभा फोटो ताणून चौकोनी करतं आणि चेहरा पोळीसारखा पसरतो. कान नेहमीपेक्षा लांब गेलेले दिसले, तर समजा, फोटो ताणलाय.

घरी काढायचा म्हणजे सेल्फी नव्हे हं! हाताच्या अंतरावरून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. भावाला किंवा रूममेटला फोन द्या. मागचा कॅमेरा, झूम नाही, ब्यूटी आणि पोर्ट्रेट मोड दोन्ही बंद. फोन तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि पाचेक फूट लांब. तुम्ही खिडकीकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे उजेड दोन्ही गालांवर सारखा पडेल. मागे पांढरी भिंत किंवा इस्त्री केलेली पांढरी चादर हवी, पण तिला चिकटू नका. दोन-तीन फूट पुढे या, नाहीतर मानेमागे सावली पडते. अ‍ॅपने बॅकग्राउंड कापून पांढरं करायच्या फंदात पडू नका, केसांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. शर्ट गडद घाला. पांढरा घातलात तर खांदे भिंतीतच विरघळतील.

चष्मा काढा. नोव्हेंबर २०१६ पासून अमेरिकेच्या व्हिसा फोटोत तो चालत नाही. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, चेहरा नेहमीसारखा. फोटो गेल्या सहा महिन्यांतला हवा.

आता खरी गोची, क्रॉपिंगची. नियम सांगतो, की हनुवटीपासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंतचा भाग, केसांसकट, फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्के हवा. डोळे तळापासून ५६ ते ६९ टक्के उंचीवर हवेत. एक उदाहरण घेऊ. फोन उभा धरलाय, फोटो ३००० बाय ४००० पिक्सेलचा आहे. पाच फुटांवरून तुमचं डोकं साधारण ४८० पिक्सेल उंच येतं. ते ६० टक्के व्हायला हवं असेल, तर चौकोन ८०० पिक्सेलचा घ्या. उरलेल्या ३२० पैकी डोक्यावर ८० आणि हनुवटीखाली २४० सोडा. डोळे आपोआप तळापासून ५८-६० टक्क्यांवर येतात. जागा वर-खाली सारखी वाटलीत, तर डोळे पन्नाशीच्या आसपास घसरतात. बहुतेकांचं इथेच चुकतं.

फाइल ६०० ते १२०० पिक्सेलची चौकोनी, जेपीईजी आणि जास्तीत जास्त २४० केबीची लागते. म्हणजे आपला ८०० चा चौकोन जसाच्या तसा चालतो. फक्त साइज जास्त असेल तर सेव्ह करताना क्वालिटी थोडी कमी करा. आठ फुटांवरून काढलात तर मात्र डोकं ३०० पिक्सेलचंच येईल, चौकोन ५०० चा होईल आणि तो मोठा करायला गेलात की धूसर. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून घ्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

पासपोर्टचीच तयारी करताय? मग यातलं काहीच नको. पासपोर्ट सेवा केंद्रात तुमचा फोटो तिथेच काढतात. चार वर्षांखालच्या मुलांचा मात्र घेऊन जावा लागतो.

तरीही स्टुडिओतच जायचं असेल तर खुशाल जा. फक्त दादांना आधीच सांगा, ‘टचअप नको, चौकोनी हवाय.’