आधी तेलाची वाटी, मग फणस

आपल्या नांदेड-लातूरकडे फणस परगावाहून येतो, म्हणून तो चिरायची सवय आपल्या हातांना नाही. भाजी सगळ्यांना आवडते, पण चिकाने सुरी बरबटते, बोटं चिकटतात आणि 'पुन्हा म्हणून आणणार नाही' असं म्हणून बाई मोकळी होते. माझ्या मते दोष फणसाचा नाही. आपण चुकीचा फणस घेतो आणि चीक पाण्याने धुवायला जातो.

मैत्रिणींनो, भाजीसाठी मोठा फणस फायद्याचा नसतो. कोकणात कोवळ्या फणसाला कुयरी म्हणतात, तीच आपल्याला हवी. दोन किलोच्या आतबाहेरचा, हिरवागार, काटे दाट आणि टोकदार असलेला बघा. काटे पसरून बोथट झाले, टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की तो जून. विक्रेता कापून देत असेल तर फोडीतली आठळी नखाने दाबून बघा. नख सहज रुतलं तर सगळंच शिजेल. आठळीवर प्लास्टिकसारखं टणक साल आलं असेल तर ते सोलावं लागेल. गरा पिवळा पडून गोड वास येत असेल तर भाजीसाठी घेऊच नका.

आता चीक. तो रबराच्या जातीचा, पाण्यात विरघळत नाही. साबणाने घासलं की आणखी पसरतो. तेलात मात्र सुटतो. म्हणून करडईचं किंवा शेंगदाण्याचं, घरात असेल ते तेल वाटीत घ्या. दोन्ही हातांना, बोटांच्या बेचक्यांत, सुरीच्या पात्याला आणि मुठीपाशी लावा. विळी असेल तर पात्याच्या सांध्यालाही. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा.

आधी देठ कापा. तिथून पांढरा चीक वाहील, तो थांबेपर्यंत कागदाने टिपा. मग दोन बोटं जाडीच्या चकत्या करा, प्रत्येक चकतीवरचा चीक पुसा आणि सुरीला पुन्हा तेल लावा. एकदाच लावलेलं तेल शेवटपर्यंत पुरत नाही, बिघडतं ते इथेच. काट्यांचं साल जाडसर काढा, मधला कडक दांडा काढून टाका. फोडी लगेच हळद-मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळ्या पडतात. दोन किलोतून साधारण निम्मंच हाती लागतं, म्हणून भाव करताना तेवढं धरून चला.

शेवटी सुरी तेलाच्या कागदाने पुसा, मग साबण. हात तेलाने चोळून कोरड्या बेसनाने पुसले की स्वच्छ होतात. काहीजणी रॉकेल लावतात, ते मला पटत नाही. स्वयंपाकाच्या हातांना ते कशाला? काहींच्या कातडीला चिकानेच खाज सुटते, त्यांनी हातमोजे घालावेत.

आणि एक सांगते. पंगतीच्या स्वयंपाकात हे काम बहुधा मदतीला आलेल्या बाईकडे सरकवलं जातं, तेही कोरड्या हातांनी. तिच्यापुढे फणस ठेवायच्या आधी तेलाची वाटी ठेवा. एवढं तरी आपण करायलाच हवं.